सीताफळ एक किलो, पोटात किती?

नेहा (बी-४०२): सीताफळाचं एक विचारायचं होतं. ईशानला टाइप १ डायबेटिस आहे, हे बहुतेकांना माहीत आहे. काल त्याने एक सीताफळ खाल्लं. काट्यावर २६० ग्रॅम भरलं. ॲपमध्ये २६० टाकलं, कार्ब ६० ग्रॅम आले. त्याला १५ ग्रॅमला १ युनिट सांगितलंय, म्हणून ४ युनिट दिले. दोन तासांत साखर ६२! ग्लुकोज देऊन सावरला, आता ठीक आहे. पण इतका फरक कसा पडला?

देशमुख काका (ए-१०३): काळजी घे बेटा. ईशान बरा आहे ना आता?

नेहा (बी-४०२): हो काका, शाळेत गेलाय.

मृणाल (सी-२०१): नेहा, २६० हे आख्ख्या फळाचं वजन का? साल, देठ, बिया धरून?

नेहा (बी-४०२): हो ताई, पाटीतून घेतलं तसंच काट्यावर ठेवलं.

मृणाल (सी-२०१): मग फरक तिथेच पडला. कॅलरी आणि कार्बचे तक्ते १०० ग्रॅम गराचे असतात, फळाचे नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यांत तर खाण्याजोगा भाग किती टक्के हे वेगळ्या रकान्यात दिलेलं असायचं. सीताफळाला तिथे सुमारे ४५ टक्के आहे. म्हणजे विकत घेतलेल्या वजनातला अर्ध्याहून जास्त भाग आपण टाकून देतो. २६० चा गर धर ११७ ग्रॅम. १०० ग्रॅम गरात कार्ब साधारण २३, म्हणजे २७ ग्रॅम झाले. १५ ने भागलं की २ युनिटही पूर्ण होत नाहीत. तू दिलेस ४. तुझ्या त्या ६० ग्रॅममध्ये सालही होती आणि बियाही.

कुलकर्णी काकू (बी-१०१): बाप रे. मी तर वजनाच्या भीतीने सीताफळ खायचंच सोडलं होतं. ॲप म्हणायचं एका फळाला अडीचशे कॅलरी.

मृणाल (सी-२०१): काकू, मध्यम आकाराच्या एका फळाचा गर साधारण ११०-१२० ग्रॅम आणि कॅलरीही जवळपास तेवढ्याच. सीताफळाचा हिशोब सोपा पडतो, गराच्या एका ग्रॅमला एक कॅलरी धरली की झालं. तक्त्यांत शंभर ग्रॅमला ९४ पासून १०४ पर्यंत आकडे सापडतात, इतका फरक घरच्या हिशोबात चालतो.

समीर (ए-६०४): मग सरसकट ४५ टक्के धरायचं?

मृणाल (सी-२०१): वजनाच्या हिशोबासाठी चालेल. इन्सुलिनसाठी नाही. प्रत्येक फळ वेगळं असतं. काहींत डोळे मोठे आणि गर जास्त, काहींत बियाच बिया. शिवाय काही जण सालीला चिकटलेला रवाळ थरही चमच्याने खरवडून खातात, काही जण तो तसाच टाकतात. त्यामुळे फळ तेच, पण खाणाऱ्यागणिक गराचं वजन बदलतं.

नेहा, तू असं कर. रिकामा वाडगा काट्यावर ठेवून काटा शून्यावर आण. खायच्या आधी आख्खं फळ त्यात ठेवून वजन लिहून घे. ईशानचं खाऊन झालं की साल, देठ, चोखलेल्या बिया सगळं त्याच वाडग्यात टाकायला सांग आणि पुन्हा वजन कर. पहिल्यातून दुसरं वजा केलं की जे पोटात गेलं तेच उरतं. बियांना चिकटून राहिलेला गरही आपोआप वजा होतो, वेगळा अंदाज बांधायला नको. आधी गर काढून मोजायचा तर मात्र बियांसकट मोजू नकोस. सीताफळाचा गर बियांपासून सुटायला वेळ लागतो, म्हणून लोक बियांसकटच वाटीत काढतात आणि तेच वजन लिहितात.

नेहा (बी-४०२): पण ताई, इन्सुलिन तर खाण्याआधी द्यायचं असतं.

मृणाल (सी-२०१): म्हणून पाच-सहा फळांचं असं मोजून ठेव. तुम्ही आणता त्या फळांत गर किती टक्के निघतो ते कळेल. तो आकडा घेऊन डॉक्टरांशी बोल. डोस किती आणि कधी हे त्यांनीच ठरवायचं.

देशमुख काका (ए-१०३): मी आत्ताच एक फळ मोजलं. आख्खं २४८. खाऊन झाल्यावर साल आणि देठ ११२, बिया २१. पोटात गेले ११५. टक्केवारी ४६.

समीर (ए-६०४): काका, एक शंका. मी सासवडहून आणलेली फळं तीन दिवस पिकायला ठेवली, तर किलोमागे वजन कमी भरलं. मग कॅलरीही कमी झाल्या का?

मृणाल (सी-२०१): नाही. उडालं ते पाणी, आणि पाण्यात कॅलरी नसतात. पिकताना आतल्या पिठाची साखर होते, त्यानेही कॅलरीत फारसा फरक पडत नाही. पण म्हणूनच दुकानातल्या पावतीचं वजन धरू नये, खायच्या दिवशी मोजावं. साल-बियाही ताज्या असतानाच मोजाव्यात. वाळल्या की हलक्या होतात आणि गर जास्त खाल्ल्याचा भास होतो.

कुलकर्णी काकू (बी-१०१): आंब्याचंही असंच का ग?

मृणाल (सी-२०१): असंच, पण तोटा कमी. हापूसचा साल-कोय काढून साधारण ७० टक्के गर मिळतो. २५० ग्रॅमचा आंबा म्हणजे १७५ ग्रॅम गर, शंभराला ६० धरलं तर १०५ कॅलरी. आख्ख्या वजनावर दीडशे आल्या असत्या. चोखायच्या रायवळाला कोय मोठी, तिथे ७० धरू नका. आणि हापूसमध्ये साका निघाला तर तो भाग कापून टाकल्यावर उरलेलाच मोजायचा. कलिंगडाची साल जाड असली की जवळपास अर्धं वजन जातं, पण गराच्या १०० ग्रॅमला कॅलरीच ३०. त्यामुळे तिथे चूक झाली तरी आकडा थोडाच हलतो. सीताफळात गर घट्ट आणि गोड, वर निम्म्याहून जास्त टाकाऊ, म्हणून सगळ्यात मोठी गफलत तिथे होते.

समीर (ए-६०४): आणि बाजारात डब्यातला सीताफळ गर मिळतो, त्यातही ४५ टक्के?

मृणाल (सी-२०१): त्यात काहीच वजा करायचं नाही, तो गरच आहे. तिथे वजावट केली तर उलटी चूक होईल, निम्मंच मोजलं जाईल. डब्यावर साखर घातली आहे का तेवढं वाचा.

कुलकर्णी काकू (बी-१०१): रविवारी बासुंदीला अर्धा किलो गर हवाय. म्हणजे फळं किलोभर पुरणार नाहीत?

मृणाल (सी-२०१): सव्वा किलो आणा काकू. आणि गर चाळणीवर हाताने काढा, बियांसकट मिक्सरला लावू नका. बी फुटली तर विषारी असते, तिची पूड डोळ्यांत गेली तर डोळ्यांना जबर इजा होते.

नेहा (बी-४०२): आजचं फळ मोजलं. आख्खं २३०, उरलेलं १२६, पोटात १०४. कार्ब २४ ग्रॅम. वहीत लिहिलंय, गुरुवारी डॉक्टरांना दाखवते.