ट्रीची ‘खोली’ की ‘उंची’? भाषणासाठी शब्द हवा आहे

ऐरोलीची सेक्रेटरी: आमच्या कॉलेजच्या कोडिंग क्लबतर्फे पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी शनिवारी वर्कशॉप आहे. त्याचं आमंत्रण मला मराठीतून द्यायचं आहे. मसुदा असा:

“मित्रमैत्रिणींनो, शनिवारी दहा वाजता लॅबमध्ये या. आपण बायनरी सर्च ट्री आधी वहीवर आणि मग सीमध्ये बांधणार आहोत. मूळ वर, पानं खाली. लहान आकडा डावीकडे, मोठा उजवीकडे. शोधताना प्रत्येक पायरीला अर्धं झाड बाद होतं, म्हणून हजार रोल नंबरांतला हवा तो नंबर जास्तीत जास्त दहा तुलनांत सापडतो. झाडाची खोली कमी ठेवायची, हीच यातली मेख. वही-पेन घेऊन या.”

मैत्रीण म्हणते, ‘खोली’ ऐकलं की मुलांना हॉस्टेल आठवेल. ‘उंची’ म्हणू का?

दुसऱ्या वर्षाचा: काहीही म्हण, दोन्ही एकच. मुळापासून सगळ्यात लांबच्या पानापर्यंत किती पायऱ्या, एवढंच तर मोजायचं.

मराठीचे मास्तर: ‘खोली’बद्दल एवढं घाबरू नका. विहिरीची खोली आणि चाळीतली खोली यांत कुणाचा गोंधळ होत नाही, मागचा शब्दच अर्थ ठरवतो. पण झाडाची आपण उंचीच सांगतो. ‘झाडाची खोली’ कानाला खटकते.

घणसोलीकर: अख्ख्या झाडापुरतं दुसऱ्या वर्षाच्या मुलाचं बरोबर आहे, आकडा एकच येतो. एकेका गाठीबद्दल बोलायला लागलात की फरक पडतो. 40, 20, 60, 10, 30, 50, 70 या क्रमाने आकडे घाला. 10 ही गाठ मुळापासून दोन पायऱ्या खाली आहे, म्हणून तिची खोली 2. तिच्याखाली काही नाही, म्हणून उंची 0. मुळातल्या 40 चं नेमकं उलटं. वर्कशॉपमध्ये दोन्ही शब्द लागतील, भाषणात मात्र ‘उंची’च घ्या.

मला जास्त काळजी त्या ‘अर्धं झाड बाद’ची वाटते. तेच सात आकडे चढत्या क्रमाने घाला. 10 मूळ होतं, 20 त्याच्या उजवीकडे, 30 त्याच्या उजवीकडे, आणि डावीकडे शेवटपर्यंत काहीच नाही. आधीच्या झाडात 70 तीन तुलनांत सापडत होता, आता सात लागतात, कारण प्रत्येक पायरीला एकच गाठ बाद होते. आणि रोल नंबरांची यादी चढत्या क्रमानेच असते! हजार मुलांची यादी तशीच भरली तर शेवटच्या मुलापर्यंत पोचायला हजार तुलना.

दुसऱ्या वर्षाचा: हो! मी पायथॉनमध्ये प्रवेशाची मोठी यादी अशीच भरली होती, तेव्हा हे आलं होतं:

```
RecursionError: maximum recursion depth exceeded
```

म्हणजे झाडाची खोलीच वाढली ना?

घणसोलीकर: कारण तेच, पण त्या ओळीतली `depth` झाडाची नाही. फंक्शन स्वतःलाच किती वेळा आत बोलावतंय, ती खोली आहे आणि तिची मर्यादा पायथॉनमध्ये मुळात 1000 असते. झाड सरळ रेषेत वाढलं म्हणून फंक्शनही तितकं आत गेलं. मर्यादा वाढवली तर ही ओळ जाईल, शोध मात्र तितकाच हळू राहील. यादी पिसून भरा, म्हणजे उंची बहुतेक वेळा आटोक्यात राहते. खात्रीच हवी असेल तर 1962 ची एव्हीएलची रीत आहे: प्रत्येक गाठीच्या दोन्ही बाजूंच्या उंचीत एकाहून जास्त फरक पडला की फांद्या फिरवून घ्यायच्या. इथे पुन्हा ‘उंची’च लागते, बघा.

वाशीच्या काकू: माझा प्रश्न जरा वेगळा आहे. मी आमच्या घराण्याची वंशावळ कॉम्प्युटरवर करतेय. आजोबांच्या वहीतली नीट बसली, पण आज्या, आया, सुना घालायला घेतल्या आणि सगळं विस्कटलं. त्यात एका काकांचं लग्न मामाच्या मुलीशी. शनिवारी मी येऊ का?

घणसोलीकर: काकू, वहीत फक्त वडिलांची बाजू असणार, म्हणजे प्रत्येकाच्या वर एकच माणूस. म्हणून ते झाड होतं. आई घातली की वर दोन जण होतात, आणि मामाच्या मुलीशी लग्न म्हटल्यावर एकाच पूर्वजाकडे दोन वाटांनी जाता येतं. झाडात मुळाकडे जायची वाट एकच असते. तुमच्या कामाला ग्राफ लागेल.

ऐरोलीची सेक्रेटरी: काकू, या की, ग्राफवालेही असतील तिथे. भाषणातल्या ओळी बदलल्या: “झाड दोन्ही बाजूंनी सारखं भरलेलं असेल तर प्रत्येक पायरीला जवळपास अर्धं बाद होतं. रोल नंबर ओळीने भरले तर काय होतं, ते शनिवारी वहीवर काढून बघू. झाडाची उंची कमी ठेवायची, हीच यातली मेख.”

मराठीचे मास्तर: आता कानाला बरं लागतं. फक्त एकट्या मुळाच्या झाडाची उंची शून्य म्हणणार की एक? जमिनीवर उभ्या रोपट्याला शून्य उंची म्हणणं मला पटत नाही.

घणसोलीकर: पायऱ्या मोजल्या तर शून्य, गाठी मोजल्या तर एक. पुस्तकांत दोन्ही सापडतं. मी शून्यवाला.

दुसऱ्या वर्षाचा: आमच्या सरांनी एक शिकवलंय, परीक्षेत तेच लिहावं लागतं.