मदत हवी आहे: डेटाबेस बंद पडला तर ऑन-कॉलवर असणाऱ्याने काय करायचं, याचं रनबुक

रात्रजागर
सोमवारपासून टीममधली दोन नवी मुलं ऑन-कॉलला बसणार आहेत. डेटाबेस पडला तर काय करायचं याचं रनबुक मला रविवारी रात्रीपर्यंत लिहून द्यायचंय. मागच्या महिन्यात रात्री पावणेतीनला डिस्क भरली आणि सगळं बंद पडलं. सव्वा तास गेला, त्यातली चाळीस मिनिटं तर फोन कोणाला करायचा हे शोधण्यातच. नेटवरचे नमुने पाहिले, सगळे "परिस्थितीचा आढावा घ्या" छापाचे. कोणी खरोखर वापरात असलेलं देईल का? घाई आहे.

घाटमाथा
कुठला डेटाबेस? स्वतःच्या मशीनवर की क्लाउडवाल्यांकडे सांभाळायला दिलेला? रेप्लिका आहे का? आणि डिस्क कशाने भरली? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

जुना_डीबीए
आमच्या बँकेच्या कामात हे नेहमीचं होतं. ORA-00257 दिसलं की आर्काइव्हची जागा भरली. RMAN मधून बॅकअप झालेले जुने लॉग काढायचे, पाच मिनिटांत मोकळे. त्याला रनबुक कशाला?

रात्रजागर
ओरॅकल नाही, पोस्टग्रेस १४ आहे. लिहायचं राहिलं. ईसी-टूवर आम्हीच चालवतो. एक प्रायमरी, एक असिंक्रोनस स्टँडबाय. डिस्क ५०० जीबीची, त्यात एकट्या `pg_wal` ने ३१० जीबी खाल्ले होते. डेटा टीमचा डेबेझियम कनेक्टर नऊ दिवस बंद पडला होता, हे आम्हाला नंतर कळलं.

कोडगिरण
मग सोपं आहे. `pg_wal` मधल्या आठवड्याभरापूर्वीच्या फायली `rm` करा आणि सर्व्हर सुरू करा. मी एकदा केलंय, काही झालं नाही.

घाटमाथा
कृपा करून हे रनबुकात लिहू नका. तुम्ही वाचलात, कारण त्या वेळी नेमक्या लागणाऱ्या फायली गेल्या नाहीत. त्या डिरेक्टरीतल्या कुठल्या फायली रिकव्हरीला लागणार आहेत हे तारखेवरून ठरवता येत नाही. शेवटच्या चेकपॉइंटची फाइल गेली तर सर्व्हर उठत नाही. मग माणूस घाबरून `pg_resetwal` चालवतो आणि डेटा आतून विस्कटतो. पहिल्या पानावर ठळक लिहा: `pg_wal` मध्ये हाताने काहीही पुसायचं नाही.

रात्रजागर, तुमच्या प्रसंगावरूनच क्रम सांगतो. मुलाला फोन आला की पहिला प्रश्न एकच: पोस्टग्रेसची प्रोसेस जिवंत आहे का? नसेल तर लॉगच्या शेवटच्या ओळी बघायच्या. `PANIC` आणि `No space left on device` दिसलं तर हा तुमचाच प्रकार. दुसरं काही दिसलं तर इथेच थांबून वरच्या माणसाला फोन.

तुमची डिस्क भरली ती बंद कनेक्टरच्या रेप्लिकेशन स्लॉटने धरून ठेवलेल्या फायलींनी. सर्व्हर बंद असताना स्लॉट काढता येत नाही, म्हणून आधी जागा करायची. ईबीएस व्हॉल्यूम वाढवा, मग पार्टिशन, मग फाइलसिस्टिम. आधी १० टक्के, पुन्हा १० टक्के असं करू नका. एकाच व्हॉल्यूमला लागोपाठ किती वेळा हात लावता येतो याला मर्यादा आहे, आणि वाढवलेला व्हॉल्यूम लहान करता येत नाही. ५०० चं सरळ ७०० करा.

मग सर्व्हर सुरू करा आणि हात बांधून बसा. ॲपला `the database system is starting up` येत राहील. नवा मुलगा इथेच घाबरतो आणि प्रोसेस मारतो. मारली की रिकव्हरी पुन्हा पहिल्यापासून. त्याला हे बघायला सांगा:

```
ps aux | grep "startup recovering"
```

त्या ओळीत २४ अक्षरी फाइलचं नाव दिसतं. मिनिटभराने पुन्हा बघा. नाव पुढे सरकलं असेल तर काम चालू आहे.

सर्व्हर उठल्यावर प्रायमरीवर:

```sql
SELECT slot_name, active,
  pg_size_pretty(pg_wal_lsn_diff(
    pg_current_wal_lsn(), restart_lsn))
FROM pg_replication_slots;
```

`active` समोर `f` आणि शेजारी शेकडो जीबी, तोच तुमचा चोर. `pg_drop_replication_slot` ने तो काढला की पुढच्या चेकपॉइंटला जागा सुटते.

कोडगिरण
एवढं करण्यापेक्षा स्टँडबाय प्रमोट का नाही करायचा? डेबेझियमचा स्लॉट प्रायमरीवरच आहे, म्हणजे स्टँडबायची डिस्क रिकामी असणार. दोन मिनिटांचं काम.

घाटमाथा
डिस्कबद्दल तुमचं बरोबर आहे. पण असिंक्रोनस आहे, म्हणजे शेवटचे काही व्यवहार तिकडे पोचलेच नसतील, आणि ते सोडून द्यायचे की नाही हे पहाटे तीनला त्या मुलाने ठरवायचं नाही. शिवाय जुनी प्रायमरी `systemd` ने आपोआप उठली तर दोन्हीकडे लिहिणं सुरू होईल. मी प्रमोट तेव्हाच करतो जेव्हा मशीन किंवा डिस्कच गेलेली असते, आणि तेही जुनी मशीन बंद केल्याची दुसऱ्या माणसाने खात्री केल्यावर. २०१७ च्या जानेवारीत गिटलॅबमध्ये रात्री थकलेल्या इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवरची डेटा डिरेक्टरी पुसली होती. सुमारे सहा तासांचा डेटा गेला. त्यांनी स्वतःच ते सविस्तर लिहिलंय. मशीनचं नाव मोठ्याने वाचून दाखवायला दुसरा माणूस हवाच.

कोडगिरण
ग्राहक तासभर ताटकळण्यापेक्षा पाच सेकंदांचे व्यवहार गेलेले परवडतात. आमच्याकडे तसंच ठरलंय.

घाटमाथा
तुमच्याकडे ठरलंय, यातच सगळं आलं. ह्यांच्याकडे ठरलेलं नाही.

पहाटपाळी
विषय निघालाच आहे तर विचारते, रात्री उठवल्याबद्दल तुम्हाला दुसऱ्या दिवशी सुट्टी किंवा भत्ता मिळतो का? आमच्याकडे पहाटे पाचपर्यंत जागून नऊच्या मीटिंगला हजर राहावं लागतं. तिसऱ्या रात्री माझ्या हातून चुकीची कमांड गेली होती.

रात्रजागर
पहाटपाळी, आमच्याकडेही नाही, पण मुद्दा खरा आहे, मांडून बघतो.

घाटमाथा, मनापासून आभार. पण माझं खरं घोडं अडलंय ते फोनवर. त्या रात्री मी डेटा टीमच्या चॅनेलवर लिहून वाट बघत बसलो. स्लॉट काढला तर त्यांना सगळा स्नॅपशॉट नव्याने घ्यावा लागणार होता, त्यामुळे विचारल्याशिवाय काढायची हिंमत झाली नाही. आणि नंबरांचं पान आमच्या विकीवर, जी याच डेटाबेसवर चालते!

पहाटपाळी
आम्हीही यात पोळलोय. आता नंबर छापून आणि प्रत्येकाच्या फोनमध्ये, असे दोन्हीकडे असतात. नुसतं नाव नाही, समोर "हा माणूस कशाला हो म्हणू शकतो" तेही लिहितो. डिस्क वाढवायला ऑन-कॉलवर असणाऱ्याला कोणाला विचारावं लागत नाही. स्लॉट काढायला डेटा टीमचा प्रमुख. प्रमोट करायला इंजिनिअरिंग मॅनेजर. चॅनेलवर लिहायचं नाही, फोन करायचा. दोनदा वाजून उचलला नाही तर पाच मिनिटांनी त्याच्या खालचा नंबर. आणि दर महिन्याला एकदा दिवसाढवळ्या सगळे नंबर लावून बघतो. मागच्या वेळी दोन जण कंपनी सोडून गेलेले निघाले.

रात्रजागर
आणि डेटा टीमचं कोणीच उचललं नाही तर?

घाटमाथा
आजच त्यांच्याकडून लेखी घ्या: वाढवलेली डिस्कही ८० टक्के भरली तर न विचारता स्लॉट काढू. किंवा `max_slot_wal_keep_size` ला १०० जीबीची मर्यादा घाला, तेरापासून आहे. मूळ सेटिंग -१ असते, म्हणजे मर्यादाच नाही. मर्यादा ओलांडली की स्लॉट बाद होतो, डिस्क वाचते.

जुना_डीबीए
म्हणजे त्यांचा डेटा गेलाच की. मर्यादा घालण्यापेक्षा कनेक्टर बंद पडल्याचा अलार्म लावा. नऊ दिवस कोणाला कळलं नाही, हा खरा दोष.

घाटमाथा
डेटा जात नाही, नवा स्नॅपशॉट घ्यावा लागतो. पण अलार्म हवाच, हे मान्य.

रात्रजागर
डेटा टीमशी आत्ताच बोललो. १०० जीबीला त्यांची तयारी नाही, २०० म्हणताहेत. ५०० च्या डिस्कवर २०० सोडायचे का? आमचा बाकीचा डेटा १८० च्या आसपास आहे, महिन्याला सहा-सात जीबीने वाढतो.