शब्दचर्चा : 'ब्लॉक' म्हणजे गट की खंड? आणि 'इंटरॅक्शन'ला काय म्हणावं?

कोथरूडकर : कांद्यावरच्या प्रयोगाचा अहवाल मराठीत आणतोय. 'रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइन'ला 'यादृच्छिक गट रचना' लिहिलं. 'इंटरॅक्शन प्लॉट'ला 'परस्परसंवाद आलेख' लिहिलं, तर वाण आणि खत गप्पा मारताहेत असं वाटतं.

लेखणी : ब्लॉक म्हणजे तालुकाच ना? गटविकास अधिकारी असतोच की. 'गट' ठेवा.

वाफा : तो गट निराळा. इथे ब्लॉक म्हणजे शेताचा असा पट्टा, ज्याच्या आत जमीन जवळपास सारखी आहे. मी 'खंड' म्हणेन. कॅनॉलची ओल एका बाजूने येत असेल तर पट्टे कॅनॉलला समांतर आखायचे, म्हणजे ओलीचा फरक पट्ट्यापट्ट्यांत राहतो आणि हिशेबातून वेगळा काढता येतो. आडवे आखले तर प्रत्येक पट्ट्यात ओलं-कोरडं दोन्ही येतं आणि तो फरक त्रुटीत मिसळतो. शिवाय चिठ्ठ्या टाकायच्या त्या खंडातल्या वाफ्यांसाठी, दर खंडात नव्याने. खंड स्वतः यादृच्छिक नसतात, म्हणून 'खंडांतर्गत यादृच्छिक रचना' जास्त नेमकं.

कोथरूडकर : फार लांबलं हो. आणि इंटरॅक्शन?

आलेखवाला : 'आंतरक्रिया'. ओळखायला सोपी : रेषा समांतर नसल्या की आंतरक्रिया आहे. छेदल्या तर मोठी.

वाफा : अर्धंच बरोबर. नमुन्यातल्या रेषा अगदी समांतर जवळपास कधीच येत नाहीत. समजा दोन वाण, नत्राच्या तीन मात्रा, चार खंड, म्हणजे 24 वाफे. हेक्टरी 50, 100, 150 किलो नत्राला 'अ' वाणाची सरासरी 20, 25, 30 टन आणि 'ब'ची 22, 26, 25. त्रुटीचा सरासरी वर्ग 4, मुक्तिमात्रा 15. आंतरक्रियेचा F सुमारे 7.2 येतो, 5 टक्क्यांची सीमा 3.68, म्हणजे आंतरक्रिया आहे. पण कोणत्याही दोन सरासऱ्यांतला लक्षणीय फरक निदान 3 टनांचा हवा. 50 आणि 100 ला 'ब' पुढे दिसतो तो 2 आणि 1 टनाने. ते सिद्ध होत नाही. 150 ला 'अ' 5 टनांनी पुढे आहे, तेवढं खरं. आलेखात छेद दिसतो, पण 'कमी नत्राला ब चांगला' हे वाक्य अहवालात लिहिता येत नाही. आणि वाणांच्या एकूण सरासऱ्या 25 आणि 24.3, त्यामुळे 'वाणांत फरक नाही' हेही फसवं.

हडपसर : माझ्याकडे पाच मात्रा आणि चार खंड आहेत. खंडांच्या रेषा काढल्या तर एकमेकींना छेदतात. ही आंतरक्रिया अहवालात दाखवू का?

वाफा : दर खंडात दर मात्रेचा एकच वाफा असेल, तर ती आंतरक्रिया आणि त्रुटी वेगळ्या करता येत नाहीत, तुमच्या 12 मुक्तिमात्रांत दोन्ही एकत्र आहेत. ट्युकीची एका मुक्तिमात्रेची कसोटी लावून पाहा, पण ती एकाच प्रकारची आंतरक्रिया पकडते.

लेखणी : 'अन्योन्यक्रिया' का नको? 'आंतरक्रिया' दोघांच्या आत काहीतरी चाललंय असं भासवतं.

वाफा : दोन्हींत 'क्रिया' खटकते. वाण खतावर काही करत नाही. खताचा परिणाम वाणागणिक बदलतो, एवढंच. 'परिणामभेद' सुचतोय, पण कोणी वापरत नाही.

कोथरूडकर : तूर्त 'आंतरक्रिया' ठेवतो. 'खंड' मात्र पक्का.

लेखणी : मी अजून 'गट'वरच आहे.