मदत हवी आहे: हुरड्याच्या रीलवर मराठी देवनागरीत लिहू की रोमनमध्ये?

मळ्यातली
नमस्कार मंडळी. सोलापूरपासून अर्ध्या तासावर मोहोळ रस्त्याला आमचा मळा आहे. दर हिवाळ्यात तिथे हुरडा लावतो. इन्स्टाग्रामचं पान मी आणि माझा चुलतभाऊ मिळून चालवतो. बघणारे बहुतेक विशी-पंचविशीतले आहेत, निम्मे सोलापुरातले आणि बाकीचे नोकरीसाठी पुण्याला गेलेले.

भाऊ म्हणतो, सगळं रोमनमध्येच लिही, देवनागरी दिसली की पोरांना शाळेचं पुस्तक आठवतं. त्याचं ऐकून मागच्या आठवड्यात रीलवर `Ravivari mala baghayla ya` असं लिहिलं. मला म्हणायचं होतं "मळा बघायला या". लोकांनी वाचलं "मला बघायला या". माझं लग्नाचं वय आहे आणि पानावर माझा चेहरा दिसतो. खाली जे काही आलं ते आईने वाचलं, मला फार वाईट वाटलं. त्याच रीलमध्ये `gulbhendi` लिहिलं होतं, तर पुण्याच्या दोघींनी विचारलं की भेंडी कशी करून देता. गुळभेंडी ही हुरड्याची ज्वारी आहे, हे त्यांना कळायला मार्गच नव्हता.

पण आमच्या पानावरच्या शेवटच्या ७३ प्रतिक्रिया मोजल्या तर ५८ रोमनमध्ये आहेत. म्हणजे भावाचं बरोबर आहे का?

पार्कचौक
भाऊ बरोबर आहे. आमच्या ग्रुपवर कुणीच देवनागरी टाइप करत नाही. तरुणांची लिपी रोमनच. मळ्याला `malaa` लिही, प्रश्न मिटला.

जुनीपेठ
ताई, मराठी देवनागरीतच लावावं लागतं. २०२२ च्या दुरुस्तीनंतर लहान दुकानांनाही ते लागू आहे आणि मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाही. दंड होईल हं.

मळ्यातली
काका, ते दुकानाच्या पाटीचं झालं. आमचं दुकान नाही, मी व्हिडिओवरच्या मजकुराबद्दल विचारतेय.

अक्षरजुळणी
मी वीस वर्षं छपाईत आहे आणि हल्ली व्हिडिओवरची अक्षरंही करतो. `malaa` ने काही मिटत नाही. ते "मला" असं लांबवून वाचता येतं, "माला" असंही वाचता येतं. रोमनमध्ये ल आणि ळ एकच, न आणि ण एकच, त आणि ट एकच. ओळखीच्या गप्पांत हे चालतं, कारण समोरच्याला विषय आधीच माहीत असतो. तुमची रील अनोळखी माणसापुढे दीड सेकंद असते, आणि तुमचे महत्त्वाचे शब्द नेमके ळ-ण चे आहेत: मळा, गुळभेंडी, गूळ, कणीस.

आता ते ५८. लोक रोमनमध्ये लिहितात ते बऱ्याचदा हाताखाली तो कळफलक असतो म्हणून. त्यावरून लिहिण्याची सवय कळते, वाचण्याची नाही. जो पोरगा `kadhi yaycha` लिहितो तोच बसवरची देवनागरी पाटी न थांबता वाचतो.

एकच लिपी सगळीकडे हवी असंही नाही. व्हिडिओवर उमटणारा मजकूर झटक्यात वाचायचा असतो, तो देवनागरीत ठेवा, चार-पाच शब्दांत. खालच्या मजकुराची पहिली ओळ देवनागरीत. शोधणारा माणूस मात्र `hurda party solapur` असंच टाइप करतो, म्हणून तेवढे शब्द शेवटी रोमनमध्ये राहू द्या.

अशोकचौक
माझं सांगतो. घरी तेलुगू, मी मराठी शाळेत शिकलो, मला दोन्ही चालतं. धाकटी बहीण इंग्रजी शाळेतली. मराठी आणि हिंदी दोन्ही विषय होते, त्यामुळे देवनागरी येते, पण ती एकेक अक्षर लावत वाचते. लांब ओळ आली की पुढे सरकवते. पूर्व भागात अशी पोरं भरपूर आहेत. त्यांचं काय?

अक्षरजुळणी
खरं आहे, आणि याला माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. ओळ आखूड ठेवणं एवढंच सुचतं. "रविवारी मळ्यावर या" तिला जड जाणार नाही असं वाटतं. वाचायला देऊन बघा.

मळ्यातली
देवनागरी घातली की अक्षरं विचित्र दिसतात, ही पण अडचण आहे. कुठलंही वळण निवडा, इंग्रजी बदलतं, मराठी तसंच राहतं. "दुसऱ्या" तर धड उमटतच नाही.

अक्षरजुळणी
त्या वळणांत देवनागरी अक्षरं नसतात, म्हणून फोन स्वतःचं साधं अक्षर वापरतो. मजकूर दुसऱ्या अ‍ॅपमध्ये मुक्ता किंवा बलू २ मध्ये करून चित्र म्हणून वर चिकटवा. दोन्ही एक टाइप या संस्थेची आहेत, फुकट मिळतात. कुठलंही नवीन अक्षर घेतलं की आधी "दुसऱ्या आगटीवर किती गर्दी" लिहून बघा. ऱ्या तुटला, रफार भलत्याच अक्षरावर बसला किंवा "कि"ची वेलांटी अक्षरानंतर गेली, तर ते अ‍ॅप सोडून द्या. "दुसर्‍या"च्या जागी य वर रफार असलेलं "दुसर्या" दिसत असेल तर मात्र दोष टायपिंगचा आहे. आणि दोन ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त अंतर ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो.

पारखून घ्यायचं तर आगटीचीच दोन सारखी रील करा. गाणं तेच, शनिवार संध्याकाळ तीच, फक्त लिपी वेगळी. पुढच्या जोडीत क्रम उलटा करा. लाइक मोजू नका. लिहिलेलीच गोष्ट किती जणांनी पुन्हा विचारली ते मोजा. "कुठे आहे", "किती पैसे" असं विचारणाऱ्याने वाचलेलं नाही.

दृष्टी_पुणे
मी फोन ऐकून वापरतो. रोमन मराठी माझा फोन इंग्रजी उच्चारात वाचतो, `shenga` चं काहीतरी भलतंच होतं. देवनागरी नीट ऐकू येते. पण व्हिडिओवर चित्र म्हणून चिकटवलेली अक्षरं मला मिळतच नाहीत. ताई, पत्ता आणि दर खालच्या मजकुरातही लिहा.

मळ्यातली (चार आठवड्यांनी)
करून बघितलं. पहिल्या जोडीत रोमन रीलवर १४ जणांनी प्रश्न विचारले, त्यातले ६ लिहिलेल्याच गोष्टींचे होते. देवनागरीवर ११ प्रश्न आले, तसे फक्त २. दुसरी जोडी गड्ड्याच्या यात्रेच्या आठवड्यात गेली, सगळं सोलापूर तिकडे होतं, दोन्ही रील पडूनच राहिली.

अक्षरजुळणी
दुसरी जोडी सोडून द्या. पहिलीही एकच आहे, तिच्यावरून फार पुढे जाऊ नका. पण ६ आणि २ मधले ते प्रश्न कोणते होते?

मळ्यातली
सहापैकी चार `vel` चे. मी `Vel: sakali 10 te 4` लिहिलं होतं, लोक विचारत होते वेळ काय. देवनागरीवरचे दोन्ही प्रश्न दराचे, आणि दर मी खरंच अगदी बारीक लिहिला होता.

पार्कचौक
वेळेऐवजी `time` लिहायचं की.

मळ्यातली
दादा, मळ्याऐवजी `farm` आणि हुरड्याऐवजी आणखी काही, असं करत गेले तर मराठीत लिहायला उरणार काय? गुळभेंडी हा शब्द माझ्या आजीच्या तोंडचा आहे, तो नीट वाचला जावा एवढंच मला हवंय. या शनिवारी कणसाचा जवळून व्हिडिओ घेऊन त्यावर तेवढा एकच शब्द मोठ्या देवनागरीत टाकतेय. पत्ता, वेळ आणि दर खालीही लिहिलेत. भावाला अजून पटलेलं नाही, त्याला स्टोरी रोमनमध्ये करू दिलीय.

अशोकचौक दादा, तुमच्या बहिणीला तो व्हिडिओ दाखवाल का? तिने कुठे अडखळलं तर तो शब्द मला कळवा.

अशोकचौक
दाखवतो. तिच्या दोन मैत्रिणींनाही, त्या घरी कन्नड बोलतात.