अनुभव धागा: गुड फ्रायडे – तुमच्या आसपास कसा पाळतात?

रेसिडेन्सीतली आजी:
नातीच्या शाळेच्या अ‍ॅपवर सुट्टीची सूचना आली. ‘गुड फ्रायडे’, खाली फुगे आणि हसरे चेहरे. नात म्हणाली, आजी, कोणाचा बर्थडे आहे?

माझं लहानपण इंदूरच्या लाल चर्चजवळचं. रोज घंटा व्हायची, आईचं दूध तापवणं त्या घंटेवर चाले. वर्षातून एकदा मात्र गुरुवारी रात्रीपासून घंटा बंद. शुक्रवारी दुपारी आतून लाकडावर लाकूड आपटल्यासारखा खट-खट-खट आवाज यायचा. मी कुंपणातून बघायची. दारातलं तीर्थाचं भांडं कोरडं, वेदीवर ना फुलं ना चादर, आणि काळ्या झग्यातले फादर चक्क जमिनीवर पालथे पडलेले. मी घाबरून घरी पळाले होते.

ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांनी लिहा. एवढं सगळं सुतकासारखं, मग ‘गुड’ का?

भिया_५६दुकान:
आजी, फुगे 😂 आमच्या ग्रुपवर पण एकाने ‘हॅपी’ लावून टाकलं. ॲडमिन कॅथलिक आहे बिचारा. काही बोलला नाही, फक्त 🙏

छावणीकर (ग्वाल्हेर):
सोपं आहे. मूळ शब्द ‘गॉड्स फ्रायडे’ होता, देवाचा शुक्रवार. बोलता बोलता गुड झाला. कॉलेजात सरांनी सांगितलेलं.

पाळकांची सून:
छावणीकर, हे सगळेच सांगतात, पण जुन्या इंग्रजी लिखाणात त्याला आधार नाही. तिथे या दिवसाला ‘लांब शुक्रवार’ म्हणत, डेन्मार्कमध्ये आजही तसंच म्हणतात. जर्मनीत तर शोकाचाच शुक्रवार. इंग्रजीत ‘गुड’चा एक जुना अर्थ पवित्र असा होता, बायबलला ‘गुड बुक’ म्हणतात त्यातला. आमच्या मराठी चर्चमध्ये ‘उत्तम शुक्रवार’ म्हणतात.

माझं माहेर नगरकडचं, सासर इंदूरचं, दोन्हीकडे प्रोटेस्टंट. नावाचा उगम काही असो, आम्हाला लहानपणापासून शिकवलं ते असं: त्या दिवशी घडलं ते वाईटच. खोटा खटला, फटके, खिळे. पण ते येशूने आपल्या जागी सोसलं, आपलं देणं चुकतं झालं, म्हणून तो दिवस आपल्यासाठी उत्तम. रडायचं असतं, पण हताश व्हायचं नसतं.

दुपारी 12 ते 3 उपासना. वधस्तंभावरचे सात उद्गार, प्रत्येकावर वेगळा वक्ता, मध्ये गीत आणि प्रार्थना. वक्ते आधीच वाटून दिलेले असतात. सासूबाईंकडे वर्षानुवर्षे चौथा, ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ सगळ्यात अवघड तोच. देवाचा पुत्र असं का म्हणेल, हे पंधरा मिनिटांत सांगायचं. सासूबाई म्हणायच्या की ते स्तोत्र 22 चं पहिलं वाक्य आहे, मरताना तो प्रार्थना म्हणत होता, आणि स्तोत्राचा शेवट रडका नाही. माझे दीर म्हणतात, आई, तू त्याचं दुःख हलकं करून टाकतेस. जेवणाच्या टेबलावर हा वाद अजून चालू आहे 🙂

भिया_५६दुकान:
एप्रिलमध्ये इंदुरात 12 ते 3?? पंखे तरी असतात ना

पाळकांची सून:
असतात, आवाजच जास्त. पाचवा उद्गार ‘मला तहान लागली आहे’. तोवर दोन वाजलेले, पोरं बाटलीकडे बघतात आणि आया डोळे वटारतात. गंमत म्हणजे तीन तासांची ही भक्ती मुळात पेरू देशातल्या लिमाच्या जेझुइट फादरांनी सुरू केलेली, म्हणजे कॅथलिकांची. आमच्याकडे जास्त रुजली.

सूरसागर_बडोदा:
आजी, मी कॅथलिक, सिस्टरांच्या हाताखाली चर्चची तयारी करते. तुम्ही पाहिलंत ते बरोबर, तेव्हा काळीच वस्त्रं होती. 1970 नंतरच्या विधीत लाल आली, रक्ताची आणि हुतात्म्याची. पालथं पडणं अजून आहे. फादर येतात, गाणं नाही, काही नाही, सरळ आडवे.

वर्षातल्या या दिवशी मिस्सा होत नाही हे बाहेरच्यांना माहीत नसतं. मिस्सा म्हणजे त्याच बलिदानाचं स्मरण. ते बलिदान ज्या दिवशी झालं त्या दिवशी चर्च मिस्सा करत नाही, दुपारी तीनला नुसता विधी करतं. योहानाच्या शुभवर्तमानातली दुःखसहनाची कथा वाचतात, सगळ्या जगासाठी दहा प्रार्थना, मग क्रूसाचं वंदन. शेवटी जो ख्रिस्तप्रसाद देतात तो गुरुवारच्या मिस्सेतला राखून ठेवलेला. म्हणून गुरुवारी मोजून जास्त भाकऱ्या ठेवाव्या लागतात. एका वर्षी कमी पडल्या, फादर एकेकीचे चार तुकडे करत होते. नवीन करता येत नाहीत ना.

वंदनाला माझं काम असतं पांढरा रुमाल धरून उभं राहायचं. एकाने पायाच्या खिळ्याजवळ ओठ टेकले की पुसायचं, मग दुसरा. करोनापासून आमच्याकडे बरेच जण नुसतं वाकतात, तरी म्हाताऱ्या बायका ऐकत नाहीत.

घंटा गुरुवारच्या मिस्सेतल्या ‘ग्लोरिया’ या स्तुतिगीताला शेवटची, मग थेट शनिवारी रात्री. मधे लाकडी खटखटं.

हॉस्पिटलवाली ताई:
आमच्या वॉर्डात केरळच्या सीरियन चर्चच्या सिस्टर आहेत. त्यांचं सकाळपासूनच चालतं, शेकड्याने साष्टांग म्हणे. शेवटी व्हिनेगर किंवा कडू कारल्याचं काहीतरी घोटभर देतात, येशूला आंबलेला द्राक्षारस दिला त्याची आठवण. मग पेज आणि मूग. एकदा मला डब्यातून मूग दिले होते, मस्त. रेसिपी विचारायची राहिली, कोणाकडे आहे का?

छावणीकर (ग्वाल्हेर):
गॉड्स फ्रायडे मी पुस्तकात पण वाचलंय. असो. उपासाला साबुदाणा चालतो का त्यांना?

सूरसागर_बडोदा:
धान्याचा काही नियम नाही हो. 18 ते 59 वयाचे लोक एकदाच पोटभर जेवतात, बाकी दोनदा थोडंसं. मांस 14 वर्षांपासून पुढे सगळ्यांना बंद, मासे चालतात. आजारी माणसाला सूट.

भिया_५६दुकान:
आपली एकादशी अन् दुप्पट खाशी. साबुदाणा वडे, रताळ्याचा कीस, वर भुट्ट्याचा कीस पण, उपासाला चालतो का नाही कोण विचारतंय

पंचांगवाले काका:
तारीख दर वर्षी का बदलते कोणी लिहिलं नाही. 21 मार्च किंवा त्यानंतरची पहिली पौर्णिमा, तिच्या पुढचा रविवार ईस्टर, त्याच्या आधीचा शुक्रवार हा. चर्चचं कोष्टक आपलं असतं, एखाद दिवस इकडेतिकडे. 2026 मध्ये हनुमान जयंती 2 एप्रिल, गुड फ्रायडे 3 एप्रिल. 2024 मध्ये मात्र होळीचीच पौर्णिमा धरली गेली आणि 29 मार्च आला, दुसऱ्या दिवशी रंगपंचमी!

पाळकांची सून:
हो काका! त्या वर्षी शनिवारी राजवाड्यावर रंगपंचमीची मिरवणूक, आपली गेर, आणि आमच्याकडे ईस्टरच्या फुलांची ऑर्डर अडकलेली. फूलवाला म्हणाला, आज रस्तेच बंद आहेत, रविवारी पहाटे आणतो. आणली पण गुलाबी डागांसकट.

रेसिडेन्सीतली आजी:
किती लिहिलंत सगळ्यांनी! नातीला वाचून दाखवलं, तिला फक्त पाण्याची बाटली आवडली. मी या वर्षी आत जाऊन बसू शकते का? कोणी हटकत नाही ना?

सूरसागर_बडोदा:
खुशाल या. मागच्या बाकावर बसा, क्रूसाला नमस्कार करायला रांगेत आलात तरी चालेल. ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत मात्र नका येऊ, तो बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांसाठी. गुडघे दुखत असतील तर उभं-बसं जास्त आहे, आधीच सांगते.

छावणीकर (ग्वाल्हेर):
शेअर बाजार बंद असतो ना त्या दिवशी? एक ऑर्डर टाकायची होती.

भिया_५६दुकान:
बंद. सोमवारी टाका काका. आणि ताई, मुगाची रेसिपी मिळाली की मला पण पाठवा.