मदत हवी आहे: ताडोबाला येणाऱ्या शाळकरी मुलांसाठी टॅगलाइन

नमस्कार मंडळी. ताडोबाच्या मोहर्ली गेटकडे चंद्रपूरच्या शाळांच्या सहली येतात, त्या पाचवी ते सातवीच्या मुलांसाठी एक फलक आणि वहीवर चिकटवायचं स्टिकर करतोय. टॅगलाइन अडली आहे.

‘वाघ वाचवा, जंगल वाचवा’ नको. ते मुलं वाचतही नाहीत. शिवाय बऱ्याच मुलांना वाघ दिसत नाही आणि ती हिरमुसून परततात, त्यामुळे वाघ न दिसताही ओळ पटली पाहिजे.

मला धरावासा वाटणारा धागा पाण्याचा आहे. इरई धरणाचा जलाशय ताडोबाला अगदी लागून आहे आणि चंद्रपूर शहराला पाणी तिथूनच येतं. जंगल टिकलं तर पावसाचं पाणी मुरतं, माती वाहून धरणात कमी जाते. चितळ-सांबरांनी रोपं खाऊन जंगल उजाड करू नये, हे काम वाघाकडे. म्हणजे मुलांच्या घरचा नळ आणि वाघ यांचं नातं आहेच!

आतापर्यंत सुचलेलं: ‘नळ उघडलास? वाघाला थँक्यू म्हण!’ मला आवडलंय, पण फलकाशिवाय संदर्भ लागेल का? दुसरी: ‘तुला वाघ दिसला नाही, त्याला तू दिसलास!’ मजेशीर आहे, पण लहानगी घाबरतील आणि ‘दिसलास’मुळे मुली बाहेर राहतात.

पाच-सहा शब्द हवेत, बसच्या खिडकीतून वाचता येतील असे. झाडीबोलीतली ओळ सुचली तर उत्तमच. शिक्षक मंडळींनी वर्गात विचारून सांगितलं तर फार बरं होईल.