मदत हवी आहे: मायक्रोटीचिंगचा रीटीच शुक्रवारी आहे, सहा साधनांतली कोणती ठेवू?

सायली_पाचवंसेम

नमस्कार. मी बीएस्सी नर्सिंगच्या पाचव्या सेमिस्टरला आहे, कॉलेज रत्नागिरी जिल्ह्यात. नर्सिंग एज्युकेशनमध्ये मायक्रोटीचिंग चालू आहे. माझा विषय 'घरी ओआरएस तयार करणे', कौशल्य 'दृक्‌श्राव्य साधनांचा वापर'. वेळ सहा मिनिटं. समोर आठ मैत्रिणी, त्यांनी लहान मुलांच्या आया व्हायचं.

मंगळवारी पहिला टीच झाला आणि फार वाईट गेला. मी सहा साधनं केली होती: जुलाबाच्या कारणांचा तक्ता, पायऱ्यांचा फ्लॅनेल बोर्ड, आठ फ्लॅशकार्डं, आतड्याचं थर्माकोलचं मॉडेल, चार स्लाइडची पीपीटी आणि ओआरएसचं खरं पाकीट. आठ दिवस रात्री जागून केलं होतं. एसटीतून उतरून कॉलेजपर्यंत येताना पाऊस लागला आणि तक्त्यावरचं स्केचपेन फुटलं. फ्लॅनेलवरचे तुकडे एकेक करून खाली यायला लागले, ते उचलण्यात वेळ गेला. वीज गेल्यामुळे पीपीटी राहिलीच. घंटा वाजली तेव्हा मी कारणांवरच होते, पाकीट पिशवीतून बाहेरही आलं नव्हतं.

फीडबॅकमध्ये मॅडम म्हणाल्या, "साधनं तू वापरत नव्हतीस, साधनं तुला वापरत होती." त्यांचं पटलंय. पण आता काय ठेवायचं आणि काय काढायचं हे ठरत नाही. लेसन प्लॅनमध्ये साधनांचा रकाना आहे, तो रिकामा दिसला तर मार्क जातील अशी भीती वाटते. शुक्रवारी रीटीच आहे. कोणी अनुभवी असेल तर सांगा.

प्रसाद_चिपळूण

मी स्टाफ नर्स आहे, हे सगळं करून झालंय. साधनं कमी करू नकोस. वाचलेलं दहा टक्के, पाहिलेलं तीस टक्के आणि करून पाहिलेलं नव्वद टक्के लक्षात राहतं, हे आम्हाला शिकवलं होतं. म्हणजे जितकी इंद्रियं तितकं चांगलं. विजेचा प्रश्न असेल तर पीपीटीच्या स्लाइड ए-फोरवर छापून लॅमिनेट करून घे, पावसातही खराब होणार नाहीत. करून दाखवणं मात्र नक्की ठेव.

बीएड_गुहागर

माझं बीएड मराठी विषयात झालं. फ्लॅनेल बोर्ड आम्हीही करायचो. तू पाठाची सुरुवात एखाद्या गोष्टीने कर, मग कारणं, लक्षणं, उपचार, प्रतिबंध असे टप्पे घे, प्रत्येक टप्प्याला एक साधन ठेव आणि शेवटी स्वाध्याय दे. पस्तीस मिनिटांत आरामात बसतं.

सायली_पाचवंसेम

सर, सहा मिनिटं आहेत, पूर्ण तास नाही. कौशल्यही एकच तपासतात.

निवृत्त_ट्यूटर

सायली, मी 27 वर्षं नर्सिंग ट्यूटर होते. आधी तुझा उद्देश लिही, साधनाचं नंतर बघू. 'आयांना ओआरएसची माहिती देणे' हा उद्देश नव्हे. असं लिही: सहा मिनिटांनंतर प्रत्येक आई आपल्या घरच्या भांड्याने एक लिटर पाणी मोजून दाखवेल आणि द्रावण किती वेळ ठेवायचं ते सांगेल. बस, एवढंच. आता तुझ्या सहा साधनांना एकेक करून विचार, या वाक्यात तुझं काय काम? आतड्याच्या मॉडेलचं काहीच नाही. कारणांच्या तक्त्याचंही नाही, तो वेगळ्या पाठाचा आहे. पीपीटीचंही नाही, कारण ज्या घरी पाकीट उघडायचं तिथे पडदा नसतो. उरतं पाकीट, पाणी आणि भांडं. तुझ्याकडे सगळ्यांत ताकदीची वस्तू पिशवीत पडून होती.

मोजण्यावर एवढा भर का, तेही सांगते. सरकारी दवाखान्यातलं पाकीट 20.5 ग्रॅमचं असतं आणि ते एक लिटरसाठी असतं. तेच एका पेल्यात कालवलं तर क्षार इतके दाट होतात की आतडं पाणी शोषून घेण्याऐवजी उलट बाहेर ओढतं. जुलाब वाढतात, उलट्या होतात, रक्तातलं सोडियम चढतं. औषध तेच, पण भांडं चुकल्यामुळे मूल बिघडतं. अर्धं पाकीट अर्ध्या लिटरमध्ये टाकायलाही सांगू नकोस, पावडर हाताने सारखी विभागता येत नाही. एका वेळी पूर्ण पाकीट, उकळून गार केलेलं पाणी, आणि 24 तासांनी उरलेलं टाकून द्यायचं.

प्रसाद, करून दाखवणं ठेवायचं हे तुमचं बरोबर आहे. पण ते दहा-तीस-नव्वद टक्के कुठल्या अभ्यासातून आलेले नाहीत. एडगर डेलचा अनुभवांचा शंकू 1946 चा, त्यात आकडे नव्हतेच, नंतर कोणीतरी चिकटवले. आणि डेलने साधनं जास्त घ्या असंही म्हटलेलं नाही. लॅमिनेटचंही सांभाळून. ट्यूबलाइटखाली त्यावर पांढरा पट्टा चमकतो आणि कडेला बसलेल्या मुलींना निम्मं कार्ड दिसत नाही.

आशा_मालवण

मी आशा कार्यकर्ती आहे. मॅडमांचा बरोबर हा. पण एक गोष्ट सांगतंय, आमच्या वाडीत लिटरची बाटली प्रत्येक घरात मिळात असा धरू नको. बायका तांब्यान मोजतत. एका घरचो तांबो पाऊण लिटरचो, दुसऱ्या घरचो सव्वा लिटरचो. मी घरी गेलंय की आधी त्यांचोच तांबो मागून घेतंय, लिटरच्या बाटलीन भरतंय आणि पाणी जिथे येता तिथे बोट ठेवून दाखवतंय. बाईक तोच तांबो पुढे रोज दिसता, विसारणा नाय.

आणखी एक. मेडिकलात बारकी पाकिटां पण मिळतत, ती 200 मिलीची. ती बघून बायका मोठा पाकीट पण पेल्यातच घालतत. दोन्ही पाकिटां हातात धरून दाखव गो. आमका पेजेबद्दल पण विचारतत, ती देऊची की नाय, ता पण सांग.

निवृत्त_ट्यूटर

आशाताई, तांब्याचं तुम्ही सांगितलंत ते लाखमोलाचं आहे. सायली, तुझा धडा हाच. पेज द्यावी, मुलाचं खाणं आणि अंगावरचं दूध बंद करायचं नाही. पण सहा मिनिटांत ते घेऊ नकोस. कोणी विचारलं तर एका वाक्यात उत्तर दे आणि पुढे जा.

सायली_पाचवंसेम

खूप आभार. काल घरी मोजून बघितलं. आमच्या तांब्यात काठोकाठ सव्वा लिटर बसलं, शेजारच्या काकूंच्या तांब्यात एक लिटरला थोडं कमी. दोन्ही तांबे शुक्रवारी नेणार आहे.

आता अडचण अशी. रूमवर दोन मैत्रिणींना समोर बसवून सराव केला, मोबाइलवर वेळ लावली. बाटलीतून तांब्यात पाणी ओतणं, पाकीट कात्रीने कापणं, ढवळणं, सगळं मिळून तीन मिनिटं दहा सेकंद. ढवळतानाच सव्वा मिनिट गेलं आणि तेवढ्यात माझं बोलणं थांबलं. एकूण सहा मिनिटं चाळीस सेकंद झाली. शिवाय मागच्या मैत्रिणीला बाटलीतलं पाणी कुठपर्यंत आहे ते दिसलं नाही. पाण्यात थोडा रंग टाकू का?

निवृत्त_ट्यूटर

रंग नको. तू शिकवतेस ते पाणी घरी रंगीत नसणार. आईने ते तसंच्या तसं उचलायचं आहे. बाटलीवर एक लिटरच्या खुणेला लाल इन्सुलेशन टेपची पट्टी गुंडाळ आणि मागे काळा कागद धर, पाण्याची रेषा लांबून दिसेल. तांब्याच्या आत काही दिसणार नाही. म्हणून बोट ठेवलेल्या जागी बाहेरून तसाच टेप लाव आणि तांबा फिरवून सगळ्यांना दाखव.

ढवळण्याचं असं कर. ओतून मोजणं त्यांच्यासमोरच कर, तोच तुझा उद्देश आहे. पाकीट कापून त्यात टाक, चमचा एका 'आई'च्या हातात दे. ती ढवळत असताना तू 24 तासांबद्दल बोल. त्यामुळे सव्वा मिनिट वाचेल आणि एकीने करूनही पाहिलं जाईल.

प्रसाद_चिपळूण

रंगाबद्दल मला मॅडमचं पूर्ण पटत नाही. संत्र्याच्या चवीची पाकिटं रंगीत असतातच. दिसलंच नाही तर दाखवून उपयोग काय? मी असतो तर ते पाकीट घेतलं असतं.

निवृत्त_ट्यूटर

तेही करता येईल, फक्त सरकारी पाकिटाला रंग नसतो हे सांगावं लागेल आणि त्यात दहा सेकंद जातील. सायली, तू ठरव.

बीएड_गुहागर

मी आधी प्रश्न नीट वाचला नव्हता, माफ करा. फ्लॅनेलबद्दल मात्र खात्रीने सांगतो. पावसाळ्यात दमट हवेने कापड जड आणि गुळगुळीत होतं. तुकड्यांच्या मागे सँडपेपरच्या पट्ट्या चिकटव, चिकटवताना खरखरीत बाजू बाहेर ठेव. बोर्ड सरळ उभा करू नकोस, वरची कड थोडी मागे झुकव. साध्या फ्लॅनेलऐवजी जुनी घोंगडी ताणून लावली की आमचे तुकडे ऑगस्टमध्येही पडत नसत.

सायली_पाचवंसेम

सर, घोंगडीची कल्पना मनापासून आवडली. पण फ्लॅनेल बोर्ड आता काढलाय. शेवटी एवढं राहिलं: दोन पाकिटं, बाटली, दोन तांबे, पेला आणि एकच तक्ता. तक्त्यावर चारच शब्द, 'एक पाकीट, एक लिटर', आणि खाली तांब्याचं चित्र. मार्करने लिहिलाय, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून नेईन. शेवटच्या बाकावर बसून बघितला, अक्षरं वाचता येतात. सुरुवातीला तो उलटा ठेवणार, मोजणं झाल्यावरच वळवणार, नाहीतर सगळ्या त्याच्याकडेच बघत बसतात.

सुरुवात अशी: पेला आणि मोठं पाकीट हातात धरून विचारणार, "हे यात घालू का?" आज सरावात पाच मिनिटं पन्नास सेकंदांत झालं.

रकान्यात 'वास्तव वस्तू' आणि 'तक्ता' एवढंच लिहिलंय. आमच्या सिनिअर म्हणतात किमान तीन साधनं हवीत, मॅडमनी तसं कधी सांगितलेलं नाही. निवृत्त ट्यूटर मॅडम, तुमच्या वेळी मूल्यमापनात संख्या बघायचे का?

निवृत्त_ट्यूटर

आमच्या शीटवर योग्यता, दिसणं, योग्य वेळी पुढे आणणं आणि हाताळणं एवढंच होतं. पण प्रत्येक कॉलेजचं शीट वेगळं असतं. उद्या सकाळी जाऊन तुझ्या मॅडमना शीट दाखवायला सांग, त्यांनी दिलं नाही तर निदान तोंडी विचार. आणि जाताना कात्री घे. पाकीट दाताने फाडलंस तर सगळ्या तेच शिकतील.